घड्याळामागची देवळी

सांगलीत खणभागाच्या अलीकडं एका फोटो स्टुडिओच्या माडीवर वजीर मणेर बसतो. खिडकी डाव्या हाताला, समोर उतरती पाटी, पाटीला दुधी काच, काचेखाली उजेड. वर्षानुवर्षं त्याची बैठक बदललेली नाही. फोटो तो काढत नाही, काढलेला फोटो दुरुस्त करतो. गालावरचे देवीचे वण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून भरून काढतो, टक्कल पडलेल्याला फेटा बांधून देतो. नवरा-बायकोचा एकत्र फोटो नसेल आणि दोघांतलं एक गेलं असेल, तर हिचं डोकं लग्नातल्या फोटोतून आणि त्याचं शेतकी मेळाव्यातल्या फोटोतून घेऊन दोघांना एका सतरंजीवर बसवतो. मेल्यावर घाईघाईनं काढलेल्या फोटोतले मिटलेले डोळेसुद्धा त्यानं उघडून दिलेत. लोक तो फोटो भिंतीवर लावतात, हार घालतात आणि वजीरचं नाव कुणालाही ठाऊक नसतं.

ब्रशाला टोक यावं म्हणून तो ब्रश जिभेवर फिरवतो. त्यामुळं त्याच्या जिभेच्या शेंड्यावर कायम राखाडी ठिपका. बोलणं कमी. कुणी कौतुक केलं, "वजीरभाई, हितला वण काढलेला कळतसुद्धा न्हाई बघा," की तो फोटो परत मागून घेतो. म्हणतो, "हितंच व्हता हे तुमाला कसं कळलं? दिसलं म्हंजी चुकलं." असल्या माणसाशी दोस्ती ठेवायची म्हणजे डोक्याला ताप. मी ठेवली.

मी लालासाहेब, साताऱ्याचा. सिनेमावाल्यांना सामान पुरवतो. ढाली, तलवारी, समया, तक्के, पालखी, हुक्का, काय पाहिजे ते. ऐतिहासिक सिनेमा निघाला की माझी चलती, आणि ऐतिहासिक सिनेमात काही चुकलं की शिव्याही मलाच. ही गोष्ट अशाच एका चुकीची आहे. चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी उकरून काढायला नको.

चौऱ्याहत्तर साल. मानसिंगराव नावाच्या दिग्दर्शकानं शिवकाळातला एक सिनेमा काढायला घेतला होता. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण तो पडला. कृष्णाकाठी पिंपळसोंड नावाचं गाव आहे, तिथल्या भैरोबाच्या देवळाचा मंडप मानसिंगरावांना फार आवडला. काळे दगडी खांब, दगडी भिंत, आत कायम अंधार. किल्लेदार मोहिमेवर निघण्याआधी आपल्या माणसांकडून शपथ घेतो, तो सीन तिथं घ्यायचा होता. एकच लांब शॉट, कॅमेरा तिकाटण्यावर पक्का, जागचा हलायचा नाही. डाव्या बाजूला मशाली.

सगळं जमलं होतं. फक्त मागच्या भिंतीवर एक घड्याळ होतं.

लंबकाचं, लाकडी पेटीतलं, आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागणारं. पेटीवर पितळी पट्टी होती : 'शिपाई गुंडा नाथाजी काटकर यांचे स्मरणार्थ'. गुंडा एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याची आई चंद्राबाई, एकटीच. तिनं ते घड्याळ सांगलीहून आणून देवाला दिलं, आणि चावी स्वतःकडं ठेवली. पुजाऱ्यालासुद्धा हात लावू देत नसे. तार आली तो शनिवार होता, म्हणून दर शनिवारी दुपारी बाई येणार, चावी देणार, पेटी पदरानं पुसणार. लावल्यापासून घड्याळ एकदाही थांबलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, दोन दिवस काढून ठिवू. परत लावून देतो."

"काढलं की थांबंल," ती म्हणाली. "थांबवायचं न्हाई."

पुजारी तिच्या बाजूनं, गाव तिच्या बाजूनं. शेवटी घड्याळावर ढाल-तलवार टांगायची असं ठरलं. त्यालाही ती तयार होईना. म्हणाली, "झाकल्यावर सिनेमात कसं दिसंल? माझ्या गुंड्याचं घड्याळ सिनेमात आलं पायजे."

मला सामान लावायचं होतं, ऊन चढत होतं, डोकं तापलं होतं. मी ठोकून दिलं, "दिसंल मावशी, दिसंल. एक शॉट झाकून घेतो, मग उघडून घेतो. पडद्यावर बघशील तू." ती खूश झाली. संध्याकाळपर्यंत तिनं गावभर सांगितलं होतं. विहिरीवर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर. लबाडी केली की ती अशी पसरते.

शूटिंगचा दुसरा दिवस शनिवार निघाला. हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, मी चिंचेखाली पिठलं-भाकरी खाल्ली आणि तिथंच आडवा झालो. तेवढ्यात चंद्राबाई आली. ढाल-तलवार उतरवली, घड्याळाला चावी दिली, पेटी पुसली. ढाल पुन्हा टांगली नाही, खांबाला नीट टेकवून ठेवली. तिच्या हिशेबानं एक शॉट झाकून झाला होता, आता उघडून घ्यायची पाळी. मीच तसं सांगितलं होतं ना!

सुट्टी संपली, मशाली पेटल्या, धूर झाला, शॉट सुरू झाला. मी डोळे चोळत पोचलो तेव्हा खांबाला टेकलेली ढाल दिसली. वाटलं, कुणा नटाची असेल. मान वर करून भिंतीकडं बघितलं नाही. तीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसानं बघितलं नाही.

फिल्म धुवायला मुंबईला जाते. दोन महिन्यांनी मानसिंगरावांचा निरोप आला, असशील तसा ये. गेलो. त्यांनी मला संकलनाच्या यंत्रापुढं बसवलं आणि शॉट चालवला. किल्लेदार डोळ्यांत पाणी आणून स्वराज्याची शपथ घेतोय, आणि त्याच्या पागोट्याच्या वर उजवीकडं अडीच वाजून पाच मिनिटं झालीत. शिवाय लंबक हलतोय! 

"परत घेऊ," मी म्हणालो.

"फिल्म आहे कुठं?" ते म्हणाले. तेव्हा कोरी फिल्म परवान्यावर मिळायची, मोजून. तरी त्यांनी इकडून-तिकडून एक डबा मिळवला आणि आम्ही पिंपळसोंडला गेलो. मंडपात पाऊल टाकलं आणि मानसिंगराव मटकन पायरीवर बसले. युनिटनं देवळाला दिलेल्या देणगीतून गावकऱ्यांनी मंडपाला ऑइलपेंट मारला होता. खांब निळे, भिंती निळ्या, खाली गुलाबी पट्टा. सरपंच हात चोळत म्हणाला, "म्हटलं, फुडच्या टायमाला सिनेमावाले आले तर त्यास्नी जरा बरं दिसाया पायजे."

परत शूटिंगचा विषय संपला. आता दोनच वाटा उरल्या. शॉट कापायचा, म्हणजे सिनेमाचा कणाच काढायचा, किंवा असलेल्या शॉटमधून घड्याळ पुसायचं.

पुसता येतं. मुंबईच्या ट्रिकवाल्यांनी समजावून सांगितलं ते मला असं कळलं : शॉटमधलं एक चित्र मोठं करून कागदावर छापायचं. त्या कागदावर घड्याळाच्या जागी भिंत रंगवायची. मग फिल्म दोनदा छापायची. पहिल्यांदा घड्याळाची जागा झाकून बाकी सगळा शॉट. मग फिल्म मागं गुंडाळून, बाकी सगळं झाकून, तेवढ्या जागेत रंगवलेली भिंत. झाकणाची कड मऊ ठेवली की सांधा दिसत नाही. त्यांचा रंगवणारा माणूस मात्र सहा महिने मोकळा नव्हता. मी म्हणालो, "सांगलीत एक माणूस आहे."

वजीरनं कागद पाटीवर ठेवला, दोन चष्मे एकावर एक लावले आणि पहिला प्रश्न विचारला, "घड्याळाच्या म्होरनं कोण जातं का?"

"न्हाई."

"कॅमेरा हलतो?"

"न्हाई."

"मग हुईल," म्हणाला. त्याच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तोंडून पोवाडा ऐकण्यासारखं. चार दिवसांत त्यानं भिंत रंगवली. आजूबाजूचे दगड बघून, सांधे जुळवून. मी कागद तिरका धरला, सरळ धरला, घड्याळ कुठं होतं ते मलाच सापडेना. ट्रिकवाल्यांनी छापून दिलं. मानसिंगरावांनी बघितलं आणि रीळ परत पाठवलं : काहीतरी दिसतंय.

वजीर म्हणाला, मला चालताना बघायचंय. सांगलीतल्या एका थिएटरचा मॅनेजर ओळखीचा होता. सकाळी दहाला, झाडलोट चालली असताना, त्यानं आमच्यासाठी रीळ लावलं. वजीर खुर्चीवर बसला नाही, पडद्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसला. शॉट तीनदा बघितला.

"भिंत श्वास घेती," तो म्हणाला. "मशालीचा उजेड कमी-जास्त हुतोय तशी सगळी भिंत हलती. शिवाय फिल्मचा दाणा, बारीक ठिपक्यांचा, सारखा वळवळतोय. माझी जागा तेवढी मेलेली हाय."  झाडूवाल्यानं आमच्या भोवतीनं झाडून घेतलं. "मी हजार मेलेली माणसं जिती करून दिली, पर ती फोटोत. फोटोत कुणीच हलत न्हाई. हे काम येगळं हाय."

मी म्हटलं, "म्हंजी जमत न्हाई?"

"मला ती भिंत बघायचीय."

मी वैतागलो. भिंतीवर निळा ऑइलपेंट आहे, बघून काय करणार? पण हट्टाला पेटला की तो मुका होतो. शेवटी सप्टेंबरात, रमजान सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी, आम्ही सांगली-सातारा एसटीनं निघालो. त्याच्या मांडीवर स्टुडिओचा कॅमेरा, आणि माझ्या डोक्यात एकच विचार. चंद्राबाईला काय सांगायचं?

मंडपात ती होतीच. मला बघून तिचं तोंड फुललं. "आलास व्हय रं लालासाब! सिनेमा कवा लागतोय? गावात रोज इचारत्यात, घड्याळ कवा दिसायचं."

मी म्हणालो, "लागंल, लागंल," आणि वजीरकडं बघून डोळा मारला, की गप्प राहा.

त्याचं लक्षच नव्हतं. भिंतीला नाक लावून घड्याळाच्या पेटीची कड बघत होता. मग मला बोलावलं. "हे बघ. रंगवणाऱ्यांनी घड्याळ काढलेलंच न्हाई. पेटीच्या कडंकडंनं बुरूश फिरवलाय."

"बाई काढू देत न्हाई."

"म्हंजी घड्याळामागं जुनी भिंत तशीच हाय."

खरं सांगतो, त्याच्यावर वैतागलो होतो त्याची मला लाज वाटली. सबंध मंडपात मूळ भिंतीचा एकच तुकडा शिल्लक होता, आणि तो नेमका आम्हाला हवा होता तेवढाच.

मी चंद्राबाईला म्हणालो, "मावशी, ह्यो फोटोवाला हाय. घड्याळाचा झ्याक फोटो काढायचाय, सिनेमाच्या जाहिरातीला. जरा उतरवून—"

"न्हाई," वजीर म्हणाला. "मावशी, घड्याळ सिनेमात दिसनार न्हाई. मी ते पुसनार हाय."

त्या क्षणी त्याच्या मानगुटीला धरावंसं वाटलं मला. चंद्राबाई आधी हसली, मग माझ्याकडं बघितलं, मग हसू गेलं.

"पुसनार म्हंजी?"

"त्या काळात असली घड्याळं न्हवती. दिसलं तर मान्सं हसतील. म्हनून त्या जागी भिंत रंगवायची."

"त्याचं नाव बी पुसनार?"

"नाव बी."

ती बसली. खांबाला टेकून, त्या निळ्या खांबाला. म्हणाली, "त्या काळात घड्याळ न्हवतं. मग माझा गुंडा बी न्हवता."

"न्हवता," वजीर म्हणाला.

असं कुणी बोलतं का आईला! मी पाठ फिरवली आणि बाहेर गेलो. पायऱ्यांवर उभा राहून नदीकडं बघत राहिलो. नदी भरून चालली होती.  मग आतून चंद्राबाईचा आवाज आला, "लालासाब, आत ये. आन पुजाऱ्याच्या घरनं स्टूल आन."

मी स्टूल आणलं. ती म्हणाली, "ह्यो तोंडावर सांगतोय. तू चार म्हयनं मला फशिवलंस." मी गुमान स्टूल भिंतीला लावलं. दुसरं काय करणार?

स्टुलावर ती स्वतः चढली. आम्हाला हात लावू दिला नाही. पेटीचं दार उघडलं आणि हलता लंबक बोटांत धरला. टिकटिक थांबली. मंडपात एवढी शांतता पहिल्यांदाच झाली असावी, कारण पुजारी गाभाऱ्यातून बाहेर डोकावला. मग तिनं पेटी खिळ्यावरून उचलली आणि माझ्या हातात दिली. जड होती.

घड्याळामागं एक देवळी होती. ओंजळभर, दिवा ठेवायची, दगडात कोरलेली. आतून काजळीनं काळीकुट्ट, वरच्या अंगाला भिंतीवरही काजळी चढलेली. आणि उजव्या कडेला, देवळीच्या तोंडापाशी, तेलाचा एक डाग. पाच बोटं, बारकी. अंगठा खाली ओघळलेला.

चंद्राबाई स्टुलावरून उतरली नाही.

"ह्यो गुंड्याचा हात," ती म्हणाली. "सात वर्साचा आसंल. सांजच्याला स्टुलावर चढून हितं दिवा लावायचं काम त्याच्याकडं. तेल सांडायचा आन हात भितीला पुसायचा. लई मारलं म्या त्यापायी." मग म्हणाली, "म्हनूनच हितं घड्याळ लावलं की. त्याची देवळी म्हनून. आन हात इसरले बघा. म्याच वर घड्याळ टांगलं."

तिनं डागावर आपला हात ठेवला नाही. नुसती जवळून बघत राहिली.

वजीरनं तिला उतरायला सांगितलं नाही, घाई केली नाही. ती आपणहून उतरल्यावर त्यानं शूटिंगचा कॅमेरा कुठं होता ते मला विचारून तिथं आपला कॅमेरा लावला, तेवढ्याच उंचीवर. मला डावीकडं कंदील धरून उभं केलं, मशाली होत्या तिथं. पाच-सहा फोटो काढले. मग दोरीनं देवळी मापली, घड्याळाची पेटी मापली, वहीत आकडे लिहिले. घड्याळ परत खिळ्यावर गेलं. चंद्राबाईनं माझ्या हातातल्या घड्याळावरून काटे लावले आणि लंबकाला बोट लावलं. माझं घड्याळ दहा मिनिटं मागं असतं, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

परतीच्या एसटीत वजीर आपणहून बोलला. असं क्वचित होतं. "जमलं," म्हणाला. "देवळीत काळोख हाय. काळोखात दाणा दिसत न्हाई, उजेड हललेला बी दिसत न्हाई. पुसायच्या जागंत जेवढा जास्ती काळोख, तेवढी ती जागा जिती. मी उजळ भिंत रंगवत बसलो, तिथं चुकलं." मूळ भिंतीनंच उपाय सांगितला होता, फक्त घड्याळ मध्ये होतं.

रमजानात तो रोजे धरतो. रोज्यात ब्रश जिभेवर फिरवता येत नाही, म्हणून बारीक काम तो रोजा सोडल्यावर घेई, आणि दिवसभर नुसती काजळी चढवी. मी एकदा गेलो तेव्हा तो देवळीच्या आतल्या कडा करत होता. मशाल डावीकडं, म्हणून देवळीची डावी आतली कड काळी आणि उजवी किंचित उजळ. ही उजवी कड त्यानं सात वेळा रंगवली. हात मात्र त्यानं एकदाच काढला, फोटो समोर ठेवून, आणि पुन्हा त्याला ब्रश लावला नाही.

मानसिंगराव स्वतः सांगलीला कागद बघायला आले. देवळी बघून खूश झाले. म्हणाले, "वा! घड्याळापेक्षा हेच छान. आणि हा डाग कसला?"

"भितीवरचाच हाय," वजीर म्हणाला.

"तो काढा. उगाच नजर जाते."

आता बघा, बावीस वर्षं या माणसानं लोकांचे डाग काढले. वण, तीळ, सुरकुत्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं. काढा म्हटलं की काढायचं, हाच त्याचा धंदा. त्यानं चष्मा उतरवला, पुसला, परत लावला.

"काढता येनार न्हाई," तो म्हणाला. "डाग काढला तर देवळीची कड उजळ पडंल, आन उजळ जागा परत मरंल. मागल्या टायमाला मेली तशी."

मानसिंगरावांनी माझ्याकडं बघितलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी जोरात मान हलवली, "बरोबर आहे साहेब, मी थिएटरात बघितलंय, मरते." त्यांनी कागद परत एकदा बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे, ठेवा. त्या काळातही लोक भिंतीला हात पुसतच असतील."

डाग काढला असता तर जागा खरंच मेली असती का? मी वजीरला नंतर कित्येकदा विचारलं. तो प्रत्येक वेळी पाटीवर वाकतो आणि ऐकू न आल्यासारखं करतो. जन्मात तो एकदाच खोटं बोलला असेल तर तेव्हा, असा माझा अंदाज आहे.

सिनेमा साताऱ्यात पुढच्या उन्हाळ्यात लागला. पहिल्या दिवशी पिंपळसोंड दोन ट्रॅक्टर भरून आलं. चंद्राबाई सगळ्यांच्या पुढं, नवं लुगडं. मी वजीरला सांगलीहून ओढून आणला होता. तो यायला तयार नव्हता. स्वतःचं काम बघायला जाऊ नये म्हणतो.

शपथेचा सीन आला. मंडप दिसला तशी गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मग कुजबुज सुरू झाली. एकजण मोठ्यानं ओरडला, "आरं घड्याळ कुठाय?" दुसरा, "कापलं वाटतं! मावशी, तुमाला फशिवलं ह्या सिनेमावाल्यांनी!" सगळीकडं गलका. मी खुर्चीत खाली सरकलो.

"गप बसा!" चंद्राबाई म्हणाली. "मला बघू द्या."

गलका थांबला. पडद्यावर मशाली हलत होत्या, भिंत हलत होती, भिंतीबरोबर देवळीही. घड्याळाचा मागमूस नव्हता. किल्लेदार बोलत होता, त्याच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. ती उजवीकडं वर बघत होती. माझ्या शेजारी वजीर खाली आपल्या चपलांकडं बघत होता.

शॉट संपला. ती उठली आणि आमच्या रांगेतून वाट काढत आली. मागचे लोक "बसा, बसा" करत होते. ती वजीरपुढं थांबली.

"दिसला," ती म्हणाली.

वजीरनं चपलांवरून नजर वर केली.

"लई बारका व्हता रं हात. एवढ्याशा हाताला म्या मारलं."

आणि ती बाहेर गेली. पुढचा सिनेमा तिनं बघितला नाही. दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला ती एकटी एसटीनं आली, तिसऱ्या दिवशी आली, चौथ्या दिवशीही आली. तिकीट काढायची, शपथेचा सीन होईपर्यंत बसायची आणि उठून जायची. दारावरचा माणूस माझ्या ओळखीचा. त्यानं मला विचारलं, "ही म्हातारी रोज अर्ध्यातनंच का जाती?"

मी म्हटलं, "तिचं मानूस तेवढंच हाय त्यात."

पाचव्या दिवशी शनिवार होता. चावी द्यायची म्हणून ती आली नाही, आणि त्याच दिवशी सिनेमा उतरला.